दरपत्रकातला दर थेट बिलात

इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात एकाच वस्तूचा दर तीन ठिकाणी लिहिला जातो: दुकानाच्या दरपत्रकात, गिऱ्हाइकाला दिलेल्या कोटेशनमध्ये आणि शेवटी बिलात. तांब्याचे भाव हलले की वायरचे नवे दर येतात आणि दरपत्रक बदलते. कोटेशन करणारा मात्र तोंडपाठ असलेला जुना दर टाकून मोकळा होतो. स्प्रेडशीटमधले लुकअप फॉर्म्युले ही उतरवण्याची पायरीच काढून टाकतात. दर एकाच जागी लिहायचा, कोटेशनमध्ये फक्त वस्तूचा कोड आणि नग टाकायचे. वस्तूचे नाव, एकक आणि दर फॉर्म्युला दरपत्रकातून शोधून आणतो. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क या तिन्हींत ही सोय आहे आणि पुढे वापरलेली मुख्य फंक्शने तिन्हींत आहेत.

दरपत्रकाची मांडणी

सुरुवात दरपत्रकापासून होते, कारण ते नीट नसेल तर पुढचा कोणताही फॉर्म्युला भरवशाचा राहत नाही. एका फाइलमध्ये दोन शीट घ्यायच्या. पहिलीला `Rates` आणि दुसरीला `Quote` असे नाव द्यायचे. `Rates` शीटच्या पहिल्या ओळीत शीर्षके आणि त्याखाली दर वस्तूला एक ओळ. मधे रिकामी ओळ, कंपनीच्या नावाची पट्टी किंवा मर्ज केलेले सेल ठेवायचे नाहीत. उदाहरणापुरते पाच वस्तूंचे दरपत्रक असे धरू. यातले दर केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

| कोड | वस्तू | एकक | दर (रु.) | जीएसटी |
|---|---|---|---|---|
| W15 | वायर १.५ चौ. मिमी, ९० मीटर | बंडल | १,८५० | १८% |
| W25 | वायर २.५ चौ. मिमी, ९० मीटर | बंडल | २,९५० | १८% |
| S06 | स्विच ६ अँपियर | नग | ४५ | १८% |
| S16 | सॉकेट १६ अँपियर | नग | १६० | १८% |
| M32 | एमसीबी ३२ अँपियर, डबल पोल | नग | ७२० | १८% |

हे पाच रकाने अनुक्रमे A ते E आणि वस्तूंच्या ओळी २ ते ६. दर करासह आहे की कराशिवाय, हे शीर्षकातच ठरवून टाकावे आणि सगळ्या वस्तूंना एकच पद्धत ठेवावी. इथे दर कराशिवाय आहेत.

वस्तू शोधायला नावाऐवजी कोड वापरण्याला कारण आहे. लुकअप फॉर्म्युला अक्षरे जुळवतो, अर्थ जाणत नाही. दरपत्रकात ‘स्विच’ आणि कोटेशनमध्ये ‘स्वीच’ असेल तर त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आखूड कोडमध्ये अशा चुकीला जागा कमी असते. कोडची सुरुवात अक्षराने करावी. नुसता 006 असा कोड टाकला की स्प्रेडशीट पुढची शून्ये गाळून तो 6 करते आणि 10-12 असा कोड टाकला तर ती त्याची तारीख करून टाकते. इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे मात्र हे फॉर्म्युले एकच मानतात, त्यामुळे `w15` टाकले तरी `W15` सापडते.

मुख्य फॉर्म्युला

`Quote` शीटवर वरच्या ओळींत दुकानाचे नाव, गिऱ्हाइकाचे नाव, कोटेशन क्रमांक आणि तारीख येते. वस्तूंची यादी आठव्या ओळीपासून सुरू होते असे धरू. A रकान्यात कोड, B मध्ये वस्तू, C मध्ये एकक, D मध्ये नग, E मध्ये दर आणि F मध्ये रक्कम. हाताने भरायचे ते फक्त A आणि D. E8 या सेलमध्ये हा फॉर्म्युला लिहायचा:

```
=VLOOKUP($A8,Rates!$A$2:$E$500,4,FALSE)
```

कंसातल्या चार गोष्टी चार प्रश्नांची उत्तरे आहेत. काय शोधायचे? A8 मधला कोड. कुठे शोधायचे? `Rates` शीटवरच्या A2 ते E500 या भागात. VLOOKUP नेहमी त्या भागाच्या पहिल्या रकान्यात शोधतो, म्हणून कोड पहिल्या रकान्यात हवा. सापडलेल्या ओळीतले काय आणायचे? चौथ्या रकान्यातले, म्हणजे दर. आणि जुळणी कशी हवी? `FALSE` म्हणजे कोड तंतोतंत जुळला तरच.

डॉलरची चिन्हे रुपये-डॉलरशी संबंधित नाहीत. ती पत्ता जागेवर बांधून ठेवतात. फॉर्म्युला खालच्या ओळीत ओढला की A8 चा A9 व्हायला हवा, पण दरपत्रकाचा पत्ता हलता कामा नये. `$` नसेल तर दहाव्या ओळीतला फॉर्म्युला A4 पासून शोधू लागतो आणि दरपत्रकाच्या वरच्या दोन वस्तू त्याला दिसतच नाहीत. एक्सेलमध्ये पत्त्यावर कर्सर ठेवून F4 दाबले की ही चिन्हे येतात. भाग ५०० व्या ओळीपर्यंत घेतला, म्हणजे नव्या वस्तू खाली लिहिल्या तरी त्या आपोआप सापडतात.

हाच फॉर्म्युला B8 मध्ये 4 ऐवजी 2 घालून वस्तूचे नाव आणतो आणि C8 मध्ये 3 घालून एकक. जिथे कोडच भरलेला नाही तिथे `#N/A` दिसू नये म्हणून रिकाम्या ओळीची अट आधी घालतात. दर आणि रक्कम यांचे अंतिम रूप असे होते:

```
E8:  =IF($A8="","",VLOOKUP($A8,Rates!$A$2:$E$500,4,FALSE))
F8:  =IF($A8="","",D8*E8)
```

दोन्ही फॉर्म्युले सत्ताविसाव्या ओळीपर्यंत ओढले की वीस वस्तूंचा कोरा नमुना तयार झाला.

एक कोटेशन, पायरीपायरीने

एका घराच्या वायरिंगसाठी W15 ची ४ बंडले, W25 ची २ बंडले, S06 चे ३० नग, S16 चे ६ आणि M32 चा १ हवा आहे. पाच कोड आणि पाच आकडे टाकले की दर आपोआप भरतात आणि रकमा अनुक्रमे ७,४००, ५,९००, १,३५०, ९६० आणि ७२० येतात. F28 मध्ये `=SUM(F8:F27)` लिहिल्यावर बेरीज १६,३३० होते. यादीतल्या सगळ्या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी असल्याने कर २,९३९ रुपये ४० पैसे. गिऱ्हाईक त्याच राज्यातले असेल तर तो केंद्र आणि राज्य असा निम्मा निम्मा, म्हणजे १,४६९ रुपये ७० पैसे दोनदा दाखवला जातो. एकूण १९,२६९ रुपये ४० पैसे.

यादीत वेगवेगळ्या कराच्या वस्तू असतील तर बेरजेवर एकदम कर लावता येत नाही. तेव्हा आणखी एका रकान्यात हाच लुकअप 5 आकडा घालून कराचा दर आणतो आणि कर ओळीओळीने काढला जातो.

शेवटचा शब्द विसरला तर

VLOOKUP मध्ये सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे `FALSE` न लिहिणे. चौथी जागा रिकामी सोडली तर फॉर्म्युला ती `TRUE` धरतो, म्हणजे जवळपासची जुळणी चालेल असे समजतो. या पद्धतीत यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरून शोध मधल्या ओळीपासून सुरू होतो. हवा असलेला कोड मधल्या कोडपेक्षा पुढचा असेल तर वरचा अर्धा भाग सोडून दिला जातो, मागचा असेल तर खालचा.

वरचे दरपत्रक वर्णक्रमाने लावलेले नाही. त्यात W15 असा शोधला तर मधली ओळ S06 ची. W हे S च्या पुढचे, म्हणून शोध खाली सरकतो. तिथे S16 आणि मग M32 भेटतात, दोन्ही W15 च्या अलीकडचे. यादी तिथे संपते आणि शेवटी उभा असलेला M32 चा दर, ७२० रुपये, W15 च्या नावावर लागतो. W25 चेही तसेच होते. M32 मागितला तर शोध वरच्या बाजूला जातो आणि `#N/A` येतो. S06 आणि S16 यांचे दर मात्र बरोबर येतात. ४ बंडलांचे ७,४०० रुपये व्हायचे ते २,८८० होतात आणि पडद्यावर चुकीची कसलीच खूण नसते.

दरपत्रक वर्णक्रमाने लावले तरी धोका टळत नाही. यादीत नसलेला S10 असा कोड कुणी टाकला तर फॉर्म्युला त्याच्या अलीकडचा S06 धरून ४५ रुपये दर भरतो. काही दर बरोबर आणि काही विचित्र दिसत असतील, किंवा यादीत नसलेल्या वस्तूलाही दर येत असेल, तर सर्वांत आधी चौथी जागा तपासावी. नवा नमुना वापरात आणण्यापूर्वी मुद्दाम खोटा कोड टाकून पाहावा. उत्तर `#N/A` आले तरच नमुना खरा.

जवळपासच्या जुळणीचा खरा उपयोग नगांनुसार सवलत देताना होतो. `Slabs` नावाच्या शीटवर A रकान्यात 0, 10, 50 आणि B रकान्यात 0%, 5%, 8% असे लिहिले तर

```
=VLOOKUP(D8,Slabs!$A$2:$B$4,2,TRUE)
```

हा फॉर्म्युला ३० नगांना ५ टक्के सवलत देतो, कारण ३० च्या आत बसणारी सर्वांत मोठी पायरी १० ची आहे. स्विचचे १,३५० रुपये मग १,२८२ रुपये ५० पैसे होतात. इथे पायऱ्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक पायरीचा फक्त खालचा आकडा लिहायचा. ‘१० ते ४९’ असे लिहिले तर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. पहिली पायरी शून्याची नसेल तर ५ नगांच्या ओळीत `#N/A` येतो.

कोड आहे, तरी सापडत नाही

दरपत्रकात कोड डोळ्यांना दिसत असूनही `#N/A` येतो, तेव्हा बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण असते. पहिले म्हणजे न दिसणारी मोकळी जागा. कंपनीची यादी व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून आणून चिकटवली की कोडच्या मागे एखादी स्पेस येते. `=LEN(Rates!A4)` लिहून पाहावे. S06 साठी उत्तर 3 ऐवजी 4 आले तर शंका खरी. `TRIM` साधी स्पेस काढून टाकते, पण वेबपानावरून येणारी न तुटणारी स्पेस तिला दाद देत नाही. ती `SUBSTITUTE(A4,CHAR(160),"")` ने काढावी लागते.

दुसरे कारण आकडा आणि मजकूर यांतला फरक. कोड नुसते आकडे असतील तर एका शीटवर 101 हा आकडा आणि दुसरीवर 101 हा मजकूर असू शकतो. लुकअप त्यांना जुळवत नाही. आकडा आपोआप सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला बसतो, त्यावरून फरक ओळखता येतो.

याउलट एका बाबतीत फॉर्म्युला गरजेपेक्षा जास्त उदार असतो. दुकानात बोर्डाची मापे 8\*6 अशी लिहायची सवय असते. VLOOKUP च्या लेखी `*` म्हणजे ‘मधे काहीही चालेल’, आणि `FALSE` लिहिले तरी हा अर्थ कायम राहतो. यादीत `8*6` च्या वर `8*16` असेल, तर `8*6` मागितल्यावर `8*16` चा दर येईल, कारण त्याची सुरुवात 8 ने आणि शेवट 6 ने होतो. म्हणून कोडमध्ये `*` आणि `?` ही चिन्हे नकोतच. `8x6` असे लिहावे.

एकच कोड यादीत दोनदा असेल तर VLOOKUP वरून पहिला सापडलेला घेतो. जुनी ओळ तशीच ठेवून नवा दर तळाशी लिहिला तर तो बिलात कधीच येत नाही. एक्सेलमध्ये कोडचा रकाना निवडून `Conditional Formatting` मधल्या `Duplicate Values` ने दुबार कोड रंगवून पाहता येतात.

चूक झाकण्यासाठी `IFERROR` वापरण्याची सवय आहे, पण तिथे सावध राहावे. `IFERROR(...,0)` लिहिले तर न सापडलेली वस्तू शून्य दराने बिलात जाते, म्हणजे फुकट. त्यापेक्षा `IFNA(...,"दर नाही")` बरे. मग रकमेच्या सेलमध्ये गुणाकार होऊ शकत नाही, तिथे आणि बेरजेतही त्रुटी दिसते, आणि ती दूर केल्याशिवाय कोटेशन देता येत नाही. चुकीचा कोड मुळातच टाकता येऊ नये यासाठी A8 ते A27 हे सेल निवडून `Data` मधल्या `Data Validation` मध्ये `List` हा पर्याय घ्यावा आणि स्रोत म्हणून `=Rates!$A$2:$A$500` द्यावा. मग कोड यादीतून निवडता येतो आणि यादीबाहेरचा हाताने टाइप केलेला कोड नाकारला जातो. मात्र दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला कोड या पहाऱ्यातून निसटतो.

रकाने हलले तर

VLOOKUP मधला 4 हा आकडा मोजून लिहिलेला असतो. दरपत्रकात वस्तू आणि एकक यांच्या मधे एचएसएन कोडचा नवा रकाना घातला, तर दर पाचव्या जागी सरकतो, पण फॉर्म्युल्यातला 4 तसाच राहतो आणि दराच्या जागी एकक येते. एकक मजकूर असल्याने ही चूक लगेच दिसते. दराच्या शेजारी खरेदीदराचा रकाना घातला असेल तर ती दिसत नाही, कारण तोही आकडाच असतो, आणि माल खरेदीच्या दराने विकला जातो.

यावर जुना उपाय `INDEX` आणि `MATCH` यांची जोडी. `MATCH` कोड कितव्या ओळीत आहे ते सांगतो आणि `INDEX` त्या ओळीतला दर उचलतो:

```
=INDEX(Rates!$D$2:$D$500,MATCH($A8,Rates!$A$2:$A$500,0))
```

यात दराचा रकाना थेट नावाने धरलेला असल्याने मधे कितीही रकाने घातले तरी पत्ता आपोआप बदलतो. हेच काम नव्या `XLOOKUP` मध्ये सोपे झाले आहे:

```
=XLOOKUP($A8,Rates!$A$2:$A$500,Rates!$D$2:$D$500,"दर नाही")
```

यात काहीच सांगितले नाही तर जुळणी तंतोतंतच होते, `*` ला वेगळा अर्थ नसतो आणि न सापडल्यास काय दाखवायचे तेही तिथेच लिहिता येते. `XLOOKUP` मायक्रोसॉफ्ट ३६५, एक्सेल २०२१ आणि गूगल शीट्समध्ये चालतो. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये तो नाही. दुकानातल्या एखाद्या संगणकावर जुने एक्सेल असेल तर `INDEX` आणि `MATCH` च ठेवावेत.

दिलेले कोटेशन गोठवणे

लुकअपचा गुणच इथे अडचण होतो. फॉर्म्युला दर आणून ठेवत नाही, प्रत्येक वेळी नव्याने शोधतो. ५ तारखेला १९,२६९ रुपयांचे कोटेशन दिले आणि २० तारखेला W15 चा दर १,९५० केला, तर त्याच फाइलमधले जुने कोटेशन उघडल्यावर ४ बंडलांचे ४०० रुपये आणि त्यावरचा ७२ रुपये कर वाढलेला दिसतो. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद आणि दुकानातली फाइल यांचा मेळ राहत नाही.

म्हणून कोरा नमुना वेगळा ठेवावा आणि प्रत्येक कोटेशन त्याची प्रत काढून, क्रमांकाच्या नावाने जतन करावे. कोटेशन पक्के झाले की B ते E हे रकाने एकत्र निवडून कॉपी करावेत आणि त्याच जागी `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवावेत. फॉर्म्युला जातो, त्याने आणलेला मजकूर आणि आकडे उरतात. सवलतीचा किंवा कराचा दर लुकअपने आला असेल तर तो रकानाही असाच गोठवावा. कोटेशनचे बिल करताना दर पुन्हा दरपत्रकातून न आणता या गोठवलेल्या कोटेशनमधूनच घ्यावेत, कारण कबूल केलेला दर तोच असतो.

दरपत्रक वेगळ्या फाइलमध्ये ठेवले तर आणखी एक जागा सांभाळावी लागते. जुने कोटेशन उघडताच दुवे अद्ययावत करायचे का, असा प्रश्न एक्सेल विचारते आणि ‘हो’ म्हटले की जुने दर जातात. गोठवलेल्या फाइलला हा धोका नाही.

बिलाच्या बाबतीत हे काम ऐच्छिक नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि दिलेल्या बिलात रक्कम जास्त लागली असेल तर ती खोडून नव्हे, तर क्रेडिट नोट काढून कमी करतात. त्यामुळे बिल तयार होताच त्याची पीडीएफ काढावी आणि फाइलमधले दर गोठवावेत. लुकअप बिल तयार होईपर्यंतच वापरायचा. गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलात फॉर्म्युला राहता कामा नये.